बत्तीसची सळई आणि तीन मीटरचा मजला: लॅप कुठे बसत नाही आणि कपलर कधी लागतो

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सात मजली इमारतीच्या कामावर ठेकेदाराने मला विचारलेला प्रश्न साधा होता. कॉलममध्ये 32 मिलिमीटरच्या बारा सळ्या होत्या, नकाशावर मी त्यांच्या जोडांना कपलर, म्हणजे आट्यांच्या पोलादी नळ्या, दाखवले होते, आणि त्याचे म्हणणे असे की पंचवीस वर्षे आपण सळईला सळई खेटवून लॅपच देत आलो आहोत, तर आताच हा खर्च कशाला? त्याला "नियम आहे म्हणून" असे उत्तर देता आले असते, पण त्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून त्याच कॉलमचा हिशेब आम्ही सेंट्रिंगच्या प्लायवर पेन्सिलने मांडला. तो इथे सविस्तर देतो, कारण जाड सळईला लॅप का चालत नाही हे त्या एका हिशेबातून बऱ्यापैकी उघड होते.

आधी लॅप म्हणजे नेमके काय होते ते पाहू. दोन सळ्या एकमेकींना खेटून ठेवल्या आणि बाइंडिंग वायरने बांधल्या, म्हणजे त्या जोडल्या गेल्या असे आपण म्हणतो. पण वायरचे काम सळ्या जागेवर धरण्यापुरतेच असते. खालच्या सळईतला जोर आधी भोवतालच्या काँक्रीटमध्ये उतरतो आणि त्या काँक्रीटमधून वरच्या सळईत चढतो. सळईच्या अंगावरच्या उभारलेल्या रेघा काँक्रीटला तिरपा रेटा देतात, आणि तो रेटा काँक्रीटला आतून बाहेर फाडू पाहतो. हे फाटणे रोखते ते आजूबाजूचे काँक्रीट आणि लॅपभोवतीच्या रिंगा. म्हणून लॅपची ताकद ही सळईइतकीच काँक्रीटची आणि रिंगांचीही असते.

आता लांबी. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळईला काँक्रीटमध्ये पकड बसण्यासाठी लागणारी लांबी काढण्याचे सूत्र आहे: सळईचा व्यास गुणिले तिच्यातला ताण, भागिले काँक्रीटच्या पकडीची चौपट. एम 30 काँक्रीटमध्ये रेघांच्या सळईसाठी पकड 2.4 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात आणि एफई 500 सळईतला ताण 435. भागाकार केला की व्यासाच्या सुमारे 45.3 पट लांबी येते. म्हणजे 25 च्या सळईला 1132 मिलिमीटर आणि 32 च्या सळईला 1450 मिलिमीटर. साइटवर "पन्नास डी" किंवा "चाळीस डी" असे जे तोंडी चालते, त्याचा उगम हाच. फक्त काँक्रीट कोणत्या ग्रेडचे आहे हे त्या तोंडी आकड्यात हरवते.

इथे एक शंका हमखास येते. कॉलम तर दाबाखाली असतो, आणि दाबातल्या सळईला पकड जास्त धरायला परवानगी असल्याने लांबी कमी येते. या सळईसाठी ती 1160 मिलिमीटर येईल. मग 1450 कशासाठी? भूकंपात इमारत डोलते तेव्हा कॉलमची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ओढली जाऊ शकते, क्षणाने उलटे होते, आणि त्यामुळे भूकंपासाठीचे सळईकाम सांगणारे आयएस 13920 कॉलमच्या लॅपची लांबीसुद्धा ओढीच्या हिशेबानेच द्यायला सांगते. आयएस 1893 च्या 2016 च्या नकाशात कोल्हापूर तिसऱ्या भूकंप विभागात आहे, आणि त्या विभागातल्या आरसीसी इमारतींना 13920 पाळावेच लागते. कोयनेचा 1967 चा धक्का घरातल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवलेला असताना, हा नियम आपल्यासाठी नाही असे इथे तरी कोणी म्हणू नये.

याच 13920 मध्ये लॅपच्या जागेचा नियम आहे आणि खरा पेच तिथे सुरू होतो. कॉलमचा लॅप दोन बीममधल्या मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच द्यायचा. कारण उघड आहे: भूकंपात कॉलमला सर्वांत जास्त वाक बीमच्या जवळ, म्हणजे वर आणि खाली येतो, तिथले काँक्रीट तडकते, सळ्यांवरचे कव्हर सुटून पडते, आणि काँक्रीटच्या भरवशावर उभा असलेला लॅप नेमका तिथे असला तर तो सुटायला वेळ लागत नाही. आपल्याकडे मात्र स्लॅब झाल्यावर सळ्या दीड मीटर वर काढायच्या आणि लॅप स्लॅबच्या पृष्ठभागापासूनच सुरू करायचा, ही पद्धत इतकी रुळली आहे की ती चूक आहे असे सांगितले तर लोकांना नवल वाटते.

आमच्या इमारतीत मजल्याची उंची 3 मीटर होती आणि बीम 600 मिलिमीटर खोल. मोकळी उंची उरली 2400 मिलिमीटर, तिचा मधला अर्धा भाग 1200 मिलिमीटर. लॅप हवा 1450. बसत नाही.

हिशेब इथेच संपला असता तरी चालले असते, पण अजून एक अट आहे. एका पातळीवर निम्म्याहून जास्त सळ्यांचे जोड द्यायचे नसतात, आणि दुसऱ्या निम्म्या सळ्यांच्या लॅपचा मध्य पहिल्यापासून लॅपच्या किमान 1.3 पट दूर ठेवावा लागतो. 1450 च्या 1.3 पट म्हणजे 1885. त्यात दोन्हीकडच्या अर्ध्या-अर्ध्या लॅपची लांबी मिळवली की दोन्ही गटांचे लॅप मिळून 3335 मिलिमीटर उंची व्यापतात. म्हणजे सगळा मजला संपून वर फूटभर आणखी. यातून सुटण्याचा एक मार्ग आहे: या मजल्यावर निम्म्या सळ्यांचा लॅप द्यायचा, उरलेल्या निम्म्यांचा वरच्या मजल्यावर, आणि प्रत्येक सळई दोन मजल्यांची घ्यायची. पंचवीसच्या सळईला हे छान जमते, कारण 1132 चा लॅप 1200 मध्ये बसतो. बत्तीसला तरीही जमत नाही. काँक्रीट एम 40 केले तर लांबी व्यासाच्या 35.8 पटींवर येते, म्हणजे बत्तीसला 1145. तेव्हा तो कसाबसा बसतो. तीन मीटरच्या मजल्यात, एम 30 काँक्रीटमध्ये, लॅपची हद्द 25 ला संपते, असे मी जे म्हणतो ते या आकड्यांवरून. उंच मजल्याच्या कारखान्यात किंवा सभागृहात ही हद्द वेगळी येईल. 36 च्या वर मात्र आयएस 456 लॅपला मुळातच नको म्हणते.

उंचीनंतर रुंदी पाहू, कारण काँक्रीट ओतणाऱ्या माणसाला अडचण तिथे जाणवते. कॉलम 450 बाय 750 चा होता, प्रत्येक बाजूला चार सळ्या. लहान बाजूवर 40 कव्हर आणि 10 ची रिंग दोन्हीकडून वजा केली की 350 मिलिमीटर उरतात. चार सळ्यांनी त्यातले 128 घेतले, तर मधल्या तीन फटी 74 मिलिमीटरच्या. पण सगळे लॅप एकाच जागी दिले तर चारऐवजी आठ सळ्या उभ्या राहतात, 256 मिलिमीटर जातात, आणि तीन फटी जेमतेम 31 मिलिमीटरच्या उरतात. सळ्यांमधले अंतर निदान सळईच्या व्यासाइतके हवे, तेवढेही ते नाही. 40 ची व्हायब्रेटरची सुई तिथून खाली उतरत नाही. खडी अडकते, खाली फक्त पेस्ट जाते, आणि साचा उघडल्यावर कॉलमच्या पायथ्याशी हनीकोंब दिसतो. मग त्यावर सिमेंटचा लेप फिरतो आणि विषय बंद होतो. ज्या जोडाची सगळी ताकद काँक्रीटवर आहे, त्याच जोडाभोवती काँक्रीट पोचत नाही. याच कारणाने आयएस 456 कॉलममध्ये 6 टक्क्यांपर्यंत सळई चालते म्हणते, पण लॅप असेल तर सर्वसाधारणपणे 4 टक्क्यांच्या आत राहायला सांगते. आमच्या कॉलममध्ये 2.9 टक्के होती. सगळे लॅप एका जागी आले असते तर तिथे 5.7 झाली असती.

कपलर म्हणजे आतून आटे पाडलेली पोलादी नळी. बत्तीसच्या सळईसाठी ती साधारण 50 मिलिमीटर जाड आणि सात-आठ सेंटिमीटर लांब असते. दोन सळ्यांची आटे पाडलेली टोके दोन्हीकडून आत येतात आणि मध्यावर एकमेकींना टेकतात. जोर सळईतून आट्यात, आट्यातून नळीत आणि पुन्हा सळईत जातो. काँक्रीटला मधे यावेच लागत नाही. त्यामुळे लॅपच्या जागी सळ्या दुप्पट होत नाहीत, फट 74 चीच राहते आणि सुई खाली जाते. कपलरच्या जागी मात्र सळई दोन्ही अंगांनी आठ-नऊ मिलिमीटर फुगते, आणि तिथे रिंग आली तर कव्हर तेवढे कमी होते. म्हणून रिंग कपलरच्या वर आणि खाली घ्यावी, त्याच्या अंगावरून नेऊ नये.

आट्यांच्या बाबतीत कोल्हापूरकरांना मी काही शिकवावे अशी परिस्थिती नाही. ठेकेदारही ते जाणून होता आणि म्हणाला, "साहेब, उद्यमनगरात लेथवर आटे पाडून आणतो, दोन दिवसांत काम." मी म्हटले, "आटे पडतील हो, पण सळई बारीक होईल." बत्तीसच्या सळईवर थेट आटे कापायचे तर बाहेरच्या रेघा काढून एम 30 चा आटा बसेल. त्या आट्यात जोर घेणारे क्षेत्रफळ 561 चौरस मिलिमीटर असते आणि मूळ सळईचे 804. म्हणजे जोडाच्या जागी सळई सत्तर टक्केच उरली, आणि पूर्ण सळईवर ताण आला की ती अगोदर आट्यातच तुटणार. म्हणूनच कपलरच्या एका चांगल्या पद्धतीत सळईचे टोक आधी थंड अवस्थेत दाबून फुगवतात आणि मग त्यावर एम 36 चा आटा पाडतात. त्याचे क्षेत्रफळ 817 येते, सळईहून थोडे जास्तच. दुसऱ्या पद्धतीत वरच्या रेघा तासतात आणि आटा कापण्याऐवजी रोलरने दाबून काढतात. आटे निमुळते असलेलेही कपलर मिळतात. माझा कल टोक फुगवण्याच्या पद्धतीकडे आहे, कारण तिच्यात आटा पडल्यावरही सळईचा मूळ जोर कमी होत नाही.

काम घडते ते असे. सळईचे टोक बँडसॉने काटकोनात कापायचे, गॅसने किंवा कातरीने नाही. कातरीने कापलेले टोक चेपते आणि वाकडे राहते, मग दोन टोके मध्यावर नीट टेकत नाहीत. त्यानंतर टोक फुगवणे, आटे पाडणे, आणि गो व नो-गो गेजने तपासणे: पहिले गेज शेवटपर्यंत गेले पाहिजे आणि दुसरे आत शिरता कामा नये. लगेच वर प्लास्टिकची टोपी. बत्तीसच्या सळईला एका बाजूने नऊ-दहा आटे कपलरमध्ये जातात. स्लॅबवर आल्यावर टोपी काढायची, कपलर खालच्या सळईवर अर्धा चढवायचा, आणि सहा मीटरची, म्हणजे जवळपास 38 किलोची वरची सळई दोघांनी उभी धरून पाइप पान्याने फिरवायची. मग टॉर्क पान्याने शेवटची घट्टाई. वाकवलेली सळई असेल किंवा पिंजराच खाली उतरवायचा असेल तर सळई फिरवता येत नाही. तिथे लांब आटा आणि लॉकनट असलेला कपलर लागतो, आणि तो आधीच मागवावा लागतो. ऐन वेळी हे लक्षात आले की मग सळई गॅसने कापायची टूम निघते.

टॉर्क पाना "टक्" वाजला की जोड पक्का, असा समज आहे, आणि मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. एका जुन्या कामावर खालच्या सळ्यांच्या टोप्या स्लॅब भरण्याआधीच उडाल्या होत्या आणि आट्यांत सिमेंटची पेस्ट सुकून बसली होती. कामगारांनी त्यावरच कपलर चढवले. मधेच ते अडकले, पान्याने वाजून दाखवले, आणि सगळे खूश. अडकलेला आटाही पान्याला घट्टच लागतो, त्याला किती आटे आत गेले ते कळत नाही. ते कळते मोजमापाने. आटे पाडतानाच सळईच्या टोकापासून 100 मिलिमीटरवर रंगाची खूण करायची. कपलर 76 लांब असेल तर त्याचा अर्धा भाग 38, म्हणजे पूर्ण घट्ट झाल्यावर कपलरच्या कडेपासून खूण 62 वर दिसली पाहिजे. त्या कामावर बारापैकी चार सळ्यांवर ती 75 च्या आसपास होती, म्हणजे तीनेक आटे बाहेर. चारही जोड उघडले, आटे तारेच्या ब्रशने आणि डायने साफ केले, तीन व्यवस्थित बसले. चौथ्याचा आटा खराब झाला होता. तिथे आट्यांऐवजी बोल्ट आवळून पकडणारा कपलर आणावा लागला, जो महाग पडतो आणि जाडही असतो. तेव्हापासून माझ्या नकाशावर खुणेचे अंतर लिहिलेले असते, आणि काँक्रीटच्या आदल्या दिवशी पट्टी घेऊन कोणीतरी ते प्रत्येक जोडावर मोजते.

कपलरसाठी 2014 पासून आयएस 16172 हे मानक आहे. त्यात ओढून तोडण्याच्या चाचणीबरोबर घसरणीचीही चाचणी आहे: ठरलेला ताण दिल्यावर जोडातली एकूण घसरण 0.10 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. हा आकडा झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढा आहे. आटे ढिले असतील तर घसरण वाढते, आणि जोड न तुटताही काँक्रीटला तिथे रुंद भेग पडते. साइटवरच्या तयार जोडांतून नमुने काढून आम्ही यूटीएमवर, म्हणजे सळई ओढून तोडणाऱ्या यंत्रावर, पाठवतो. 500 डी दर्जाच्या बत्तीसच्या सळईसाठी किमान साडेचारशे किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 46 टन, ओढ अपेक्षित असते. अहवालात आकड्याइतकेच महत्त्वाचे असते ते तुटण्याचे ठिकाण. सळई कपलरपासून दूर, मधेच बारीक होऊन तुटली तर जोड सळईहून मजबूत ठरला. सळई आट्यातून निसटली किंवा आट्याच्या मुळाशी तुटली, तर आकडा बरा आला तरी तो जोड मी स्वीकारत नाही.

जड बीमच्या बाबतीत पेच उंचीचा नसून जागेचा आहे. 13920 नुसार कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात लॅप द्यायचा नाही. 900 खोल आणि 6 मीटर गाळ्याच्या बीममध्ये दोन्हीकडचे 1.8 मीटर असे गेले. उरले मधले 2.4 मीटर, जिथे खालच्या सळ्यांवर सर्वांत जास्त ओढ असते, आणि आयएस 456 तिथला जोड टाळायला सांगते. वरच्या सळ्यांचा लॅप मध्यावर देता येतो, खालच्यांना चांगली जागाच सापडत नाही. एक गोष्ट मात्र आधी पाहावी: सळई 12 मीटरची येते, आणि पुष्कळदा कटिंग नीट आखले तर जोडच लागत नाही. लागलाच तर कपलर. कॉलमजवळच्या त्या दुप्पट खोलीच्या पट्ट्यात सळईची पूर्ण तुटण्याची ताकद घेणारा कपलरच चालतो, हेही 13920 सांगते. वेल्डिंगचे विचाराल तर टीएमटी सळईचा बाहेरचा कडक थर उष्णतेने मऊ पडतो, म्हणून साइटवर सहज वेल्डिंग करू देऊ नये.

राहिला पैशाचा प्रश्न, जो ठेकेदाराने पहिल्यांदा विचारला होता. बत्तीसच्या सळईचे वजन मीटरला 6.32 किलो, म्हणजे 1450 च्या लॅपमध्ये सव्वानऊ किलोच्या जवळ पोलाद जाते. 60 रुपये किलो धरले तर साडेपाचशे रुपये. हाच हिशेब 25 ला सव्वादोनशे ते पावणेतीनशेच्या दरम्यान येतो आणि 16 ला सत्तर रुपये. कपलर आणि आटे पाडण्याचा दर या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. सोळाला कपलर लावणे म्हणजे उधळपट्टी, पंचवीसला तो बरोबरीत किंवा किंचित महाग, आणि बत्तीसला लॅपची सळई, त्याभोवतीच्या जास्तीच्या रिंगा आणि बांधणीची मजुरी धरली की कपलर बहुधा स्वस्तच निघतो. दर आपापल्या पुरवठादाराकडून घ्यावेत; लॅपच्या सळईचा खर्च मात्र वजा करायला विसरू नये, कारण ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये तो दिसत नाही.

राजारामपुरीच्या त्या इमारतीत शेवटी तिसऱ्या मजल्यापर्यंत बत्तीसच्या सळ्यांना कपलर दिले. निम्मे कपलर एका पातळीवर आणि उरलेले मीटरभर वर घेतले, कारण बारा सळ्या एकाच उंचीवर असल्या की पाना फिरवायला हातच शिरत नाही. चौथ्या मजल्यापासून सळई 25 ची झाली आणि लॅप परत आला. बत्तीसवरून पंचवीसवर येताना लॅपची लांबी आयएस 456 लहान सळईच्या हिशेबाने, म्हणजे 1132 मिलिमीटर धरायला सांगते, आणि तेवढी त्या मजल्याच्या मधल्या 1200 मध्ये बसली.